उन्हाळा नव्हे, मधले आठवडे

मा. संपादक,
स. न.

अर्थविषयक पानावरील अलीकडच्या एका लेखात असे विधान होते की, उन्हाळ्यात घड्याळे पुढे गेली की लंडन आणि न्यूयॉर्कचे शेअर बाजार एका वेळी जास्त काळ सुरू असतात. हा समज बराच पसरलेला आहे, पण तो बरोबर नाही.

लंडनचा बाजार तिथल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ ते दुपारी ४.३० चालतो. न्यूयॉर्कचा तिथल्या ९.३० ला उघडून ४ ला बंद होतो. दोन्ही शहरांत एरवी पाच तासांचा फरक असतो. म्हणजे न्यूयॉर्क उघडते तेव्हा लंडनमध्ये अडीच वाजलेले असतात आणि दोघांच्या वाट्याला सामाईक असे दोनच तास येतात. उन्हाळ्यात दोन्ही शहरे आपापले घड्याळ एकेक तास पुढे करतात. फरक पाचच तासांचा राहतो, सामाईक वेळही दोनच तासांची. जानेवारी असो वा जुलै, गणित तेच.

गडबड होते ती मधल्या आठवड्यांत, कारण घड्याळ फिरवण्याचा रविवार दोघांचा वेगळा आहे. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन शेवटच्या. २०२६ मध्ये हे रविवार ८ आणि २९ मार्चला येतात. शुक्रवारी, ६ मार्चला, न्यूयॉर्क लंडनच्या अडीचला उघडते. सोमवारी, ९ तारखेला, मात्र दीडलाच. लंडन साडेचारलाच बंद होणार, म्हणून सामाईक वेळ तीन तासांची. ३० मार्चपासून पुन्हा दोन तास. शरद ऋतूत ब्रिटन आधी, २५ ऑक्टोबरला, घड्याळ मागे घेते आणि अमेरिका आठवड्याने, १ नोव्हेंबरला. त्या आठवड्यातही फरक चार तासांचाच होतो. दोन्ही वेळा सामाईक वेळ वाढतेच, कमी कधी होत नाही. शरदातला हा काळ दरवर्षी एकच आठवड्याचा असतो. मार्चमधला कधी दोन तर कधी तीन आठवड्यांचा. २०२७ मध्ये तो दोनच आठवड्यांचा असेल.

पूर्वी मात्र हे नेमके उलट होते, आणि मला यातली सर्वात रंजक गोष्ट हीच वाटते. २००६ पर्यंत अमेरिकेत उन्हाळी वेळ एप्रिलच्या पहिल्या रविवारी सुरू व्हायची, म्हणजे ब्रिटननंतर आठवडाभराने. त्या एका आठवड्यात फरक सहा तासांवर जायचा, न्यूयॉर्क लंडनच्या साडेतीनला उघडायचे आणि सामाईक वेळ जेमतेम तासाभराची उरायची. ऑक्टोबरात दोघे एकाच रविवारी घड्याळ मागे घेत, त्यामुळे तेव्हा काहीच बिघडत नसे. अमेरिकेने २००५ च्या ऊर्जाविषयक कायद्याने उन्हाळी वेळ लांबवली. तो बदल २००७ पासून लागू झाला आणि आखडणारा आठवडा जाऊन लांबणारे आठवडे आले. वीज वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याने लंडनच्या सौदे करणाऱ्यांची दुपार बदलली, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसावे!

जुन्या आकडेवारीवर काम करणारे इथेच फसतात. न्यूयॉर्क उघडले की लंडनमधली उलाढाल एकदम वाढते. 'दुपारी अडीचनंतरचे सौदे' अशी ठरावीक चाळणी लावून वर्षभराची माहिती गाळली, तर मार्चमधल्या त्या दिवसांत न्यूयॉर्क उघडल्यानंतरचा पहिला, गजबजलेला तास बाहेर राहतो. ओळखायची खूण सोपी आहे: दिवसातल्या उलाढालीच्या आलेखावरचा दुपारचा उंचवटा मार्चच्या मध्याला अचानक तासभर डावीकडे सरकलेला दिसतो आणि महिनाअखेरीस जागेवर येतो. अमेरिकी सरकारचे रोजगाराचे आकडेही तिथल्या साडेआठला जाहीर होतात, म्हणून या काळात ते लंडनच्या दीडऐवजी साडेबाराला येतात. उपाय एकच, तक्त्यात 'पाच तास' असा आकडा कोंबून ठेवू नये. संगणकाला Europe/London आणि America/New_York ही स्थळनावे द्यावीत, म्हणजे तारीख पाहून फरक तोच काढतो.

ज्या बाजाराचे घड्याळ कधीच हलत नाही, त्याच्याबाबतीत मात्र आपल्या लेखातले विधान थोडेफार खरे ठरते. टोकियोचा बाजार नोव्हेंबर २०२४ पासून साडेतीनला बंद होतो. लंडन तिथल्या वेळेने हिवाळ्यात पाचला उघडते, उन्हाळ्यात चारला. मधली पोकळी दीड तासावरून अर्ध्या तासावर येते खरी, तरी दोन्ही बाजार एकाच वेळी सुरू असा क्षण येतच नाही.

अमेरिकेत उन्हाळी वेळ कायमची करण्याचे विधेयक २०२२ मध्ये सिनेटने मंजूर केले होते, पण प्रतिनिधिगृहात ते अडकले. तसा कायदा झाला आणि ब्रिटनने आपली पद्धत बदलली नाही, तर ऑक्टोबरअखेर ते मार्चअखेर असा सगळा हिवाळाच तीन तासांचा होईल. म्हणजे आपल्या लेखाच्या अगदी उलट!

आपला,
एक वाचक