हिरा, आइन्स्टाईन आणि तुझ्या वर्गातली ती मुलगी

प्रिय श्रीकांत,

पत्र मिळालं. टी.वाय.च्या तासाला एका मुलीने विचारलं, ‘सर, घन पदार्थातले सगळे अणू एकाच वारंवारतेने थरथरतात हे खरं नाहीच, मग उष्माधारकतेचं आइन्स्टाईनचं प्रारूप आम्ही शिकायचं कशाला?’ आणि तेवढ्यात घंटा झाली म्हणून तू सुटलास! प्रश्न फर्मास आहे. पण उत्तर देताना लगेच सूत्राकडे वळू नकोस, आधी हिरा घे. आइन्स्टाईननेही तोच घेतला होता.

ड्युलाँग-पेटिटचा 1819 चा नियम तुला पाठच आहे. घन मूलद्रव्याच्या एका मोलची उष्माधारकता साधारण 3R, म्हणजे 25 ज्यूल प्रति केल्व्हिन. तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड, सगळे 24-25 च्या आसपास, शिसं जरासं वर. हिरा मात्र खोलीच्या तापमानाला जेमतेम 6. जुन्या सिद्धांतात याला जागाच नव्हती. अणू तीन दिशांना कंप पावणार, प्रत्येक दिशेला सरासरी kT ऊर्जा, म्हणून मोलमागे 3RT, आणि तापमान एका अंशाने वाढवायला 3R. यात अणू कशाचा आहे, बंध किती ताठ आहे, काहीच येत नाही. त्यामुळे हिऱ्याला अपवाद म्हणायलाही सोय नाही.

हिऱ्याची मोजमापं हाइनरिश वेबरने 1870 च्या दशकात केली होती. बर्फाच्या कॅलरीमापीवर काम चालायचं, आणि मार्च 1872 मध्ये बर्फ संपल्यामुळे प्रयोग थांबवावे लागल्याचं त्याने लिहून ठेवलंय. (आपल्याकडे पाणी गेलं म्हणून प्रॅक्टिकल रद्द होतं, त्यातलाच प्रकार!) तापमान वाढवत नेलं तर हिरा हळूहळू ‘सुधारतो’, हे त्याला दिसलं. 222 केल्व्हिनला 3.2 ज्यूल, 1258 केल्व्हिनला 23. म्हणजे 3R हा आकडा खोटा नव्हता, हिऱ्याला तिथे पोचायला जास्त गरम व्हावं लागत होतं, इतकंच. हाच वेबर पुढे झुरिकला आइन्स्टाईनचा प्राध्यापक झाला.

1907 च्या लेखात आइन्स्टाईनने काय केलं? प्लांकने प्रकाशाच्या उत्सर्जनासाठी जे मानलं होतं ते त्याने अणूच्या थरथरीला लावलं. कंप पावणारा अणू हवी तेवढी ऊर्जा घेऊ शकत नाही. घ्यायची तर त्याच्या वारंवारतेच्या, म्हणजे ν च्या, प्रमाणातला hν चा अख्खा पुंज घ्यावा लागतो, नाहीतर काहीच नाही. मग सरासरी ऊर्जा kT उरत नाही, hν/(e^(hν/kT) − 1) होते. हिशेब सोपा व्हावा म्हणून सगळ्या अणूंना एकच ν दिली. वेबरच्या 331 केल्व्हिनच्या एका आकड्यावरून त्याने ती ठरवली: hν/k = 1320 केल्व्हिन. बस, एवढी एकच मोकळी संख्या.

आता वर्गात 300 केल्व्हिन घेऊन बघ. 1320 भागिले 300 म्हणजे 4.4, पुंज kT च्या इतका पट मोठा. समज, एखाद्या एटीएममध्ये फक्त पाचशेच्या नोटा आहेत, आणि जुन्या सिद्धांताप्रमाणे प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी 114 रुपये यायचे आहेत (500 ला 4.4 ने भाग). नोट हा आपला पुंज, ती फोडता येत नाही. e^(−4.4) काढलं तर शंभरातल्या सव्वा जणांच्या हाती निदान एक नोट पडते, बाकीचे रिकामे. सरासरी येते सहा रुपये वीस पैसे, म्हणजे 114 च्या साडेपाच टक्के.

इथे हुशार पोरं अडतात आणि अडायलाच हवं. ऊर्जा साडेपाच टक्के, मग उष्माधारकता 25 ची चक्क 6, म्हणजे चोवीस टक्के कशी? कारण उष्माधारकता म्हणजे साठलेली ऊर्जा नव्हे. तापमान किंचित वाढवल्यावर त्या ऊर्जेत किती भर पडते, ते ती सांगते. 300 वरून 310 केल्व्हिनला गेलं की सरासरी 6.2 वरून 7.2 रुपये होते, एका रुपयाची वाढ. जुन्या हिशेबाने पावणेचार रुपये वाढले असते. एक भागिले पावणेचार, जवळजवळ पाव. सूत्राने नेमकं काढलं तर 3R च्या 0.244 पट, म्हणजे 6.1 ज्यूल. हा हिशेब पोरांकडून हाताने करून घे. ‘थंडीत अणू गोठतात’ असल्या मोघम वाक्यापेक्षा तो कितीतरी बरा.

उष्माधारकता का घसरते, तेही यातूनच निघतं. तापमान उतरलं की kT लहान होतो, पुंज मात्र तेवढाच राहतो. शिशाच्या बाबतीत हे का दिसत नाही? वारंवारता बंधाचा ताठपणा भागिले वस्तुमान याच्या वर्गमुळावर ठरते. कार्बनचा अणू हलका, 12 चा, आणि बंध अतिशय ताठ, म्हणून पुंज मोठा. शिशाचा अणू 207 चा, बंध मऊ, त्याचा पुंज शंभर केल्व्हिनच्याही आत. खोलीत बसल्या बसल्या शिसं जुन्या नियमात बसतं आणि हिरा बसत नाही.

आता त्या मुलीचा मुद्दा. 1258 केल्व्हिनला सूत्र 22.8 देतं, वेबरचे 23. फारच छान. पण 222 ला सूत्र 2.3 म्हणतं आणि मोजलेले 3.2 आहेत. वेबरच्या त्या आकड्यांतच हा तुटवडा आहे! पुढे बर्लिनला नेर्न्स्टने द्रव हायड्रोजनपर्यंत खाली जाऊन अनेक पदार्थ मोजले, तेव्हाही तेच दिसलं: उष्माधारकता शून्याकडे जाते खरी, पण आइन्स्टाईनच्या सूत्राइतकी झपाट्याने नाही. सूत्र घातांकी वेगाने कोसळतं.

या तुटवड्यावरून चूक कुठे आहे ते ओळखता येतं. पुंजाची कल्पना चुकली असती तर उष्माधारकता उतरलीच नसती. चुकली ती एकच वारंवारता. शेजारशेजारचे अणू मिळून एकाच दिशेला सरकले तर त्यांच्यातला बंध फारसा ताणला जात नाही. अशा लांब लहरींची, म्हणजे ध्वनीचीच, वारंवारता खूप कमी असते, त्यामुळे पुंजही बारीक. मोठे पुंज परवडेनासे झाले तरी बारीक पुंज घेता येतात. 1912 मध्ये डेबायने नेमकी याच लहरींची गणती केली. T तापमानाला परवडणाऱ्या लहरींची संख्या T³ च्या प्रमाणात, प्रत्येकीकडे साधारण kT, म्हणून ऊर्जा T⁴ आणि उष्माधारकता T³. शंभर केल्व्हिनच्या हिऱ्याला आइन्स्टाईन देतो एका ज्यूलचा शंभरावा भागही नाही, प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट जास्त असते.

माझं मत विचारशील तर मी डेबायला दुसऱ्या दिवशी शिकवीन, त्याच तासाला नाही. आधी पोरांना 222 चा आकडा काढू दे, मोजलेल्याशी ताडून बघू दे आणि रात्रभर चिडू दे. आणि त्या मुलीला हेही सांग, की आइन्स्टाईनचं सूत्र बाद झालेलं नाही. हिऱ्याच्या सर्वांत लहान एकक पेशीत दोन अणू आहेत. ते एकमेकांच्या उलट हलतात तेव्हा सगळ्या लांबीच्या लहरींना जवळजवळ सारखीच, उंच वारंवारता असते. त्या लहरींसाठी लोक अजूनही आइन्स्टाईनचंच पद वापरतात, आणि उरलेल्यांसाठी डेबायचं.

आकड्यांचा तक्ता हाताने काढून वेगळा पाठवतोय. वहिनींना नमस्कार सांग, आणि दिवाळीत इकडे येणार की नाही ते एकदाचं कळव.

तुझा,
विनायक