तो येईन

प्रिय रेणू,

आपण कर्वेनगरच्या त्या खोलीत राहायला आलो, त्याच्या पहिल्याच आठवड्यात तू मला मधेच थांबवून विचारलं होतंस, "गॅसवाला 'येईन' काय गं? तो 'येईल' ना?" तू सहज विचारलंस, मला मात्र ते लागलं. शाळेत मराठीत कायम पहिली आलेली मी, माझ्या बोलण्यात वऱ्हाडी उरलेलंच नाही अशी माझी पक्की समजूत होती. पुढे महिनाभर मी तुझ्यासमोर एकेक वाक्य तोलून बोलत होते. हे तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतेय, कारण दहा दिवसांपासून आजीकडे आहे आणि त्या 'येईन'चं उत्तर मला इथं मिळालं.

आजीचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. इथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. सध्या तुरीच्या ओल्या शेंगांचे दिवस आहेत. दुपारची जेवणं झाली की आजी आणि मी ओट्यावर सूप घेऊन बसतो आणि शेंगा फोडून सोले काढतो. परवा आजीनं आत बोट दाखवून म्हटलं, "कोनाड्यातली तुयशीची माय दे वं." मी उठून जपाची माळ आणून दिली. दिली आणि तिथंच थांबले, कारण मला मी चार-पाच वर्षांची असतानाची गोष्ट आठवली.

तेव्हाही आजीनं अशीच 'माय' मागितली होती. मी स्वयंपाकघरात गेले आणि आईचा हात धरून तिला ओढत घेऊन आले. आजीनं मागितली ती माय मी आणली होती! आजी सांगते की आईला त्या दिवशी हसू आलं नाही. तिनं मला बाजूला नेऊन बजावलं, "माय म्हणजे आई. ही माळ. मा-ळ. म्हण." माझं 'ळ' असं घरात, आईच्या देखरेखीखाली घडलं.

आईला ते इतकं का लागलं, हे मला परवा कळलं. आजीच्या बोलीत ळ नाहीच. शाळा म्हणजे शाया, डोळे म्हणजे डोये, गूळ म्हणजे गुय, डाळ म्हणजे दाय. तू आत्ता हळूच म्हणून बघ. ळ म्हणताना जिभेचं टोक वर वळून टाळूला लागतं आणि झटक्यात खाली येतं. य म्हणताना टोक खालीच राहतं, जिभेचा मधला भाग तेवढा टाळूकडे उचलला जातो. आजीच्या तोंडात ही दुसरी हालचाल दोन्ही अक्षरांचं काम करते. ऐकणाऱ्याला अडत नाही. माळ मागितली की आई मागितली, हे गावातल्या कुणालाही आपोआप कळतं.

पण आई शाळेत गेली तेव्हा तिला एक अवघड काम पडलं. तिच्या कानात सगळे 'य' एकसारखेच होते. त्यातले खरे कुठले आणि ळ करायचे कुठले, हे सांगणारा कुठलाच नियम तिच्याजवळ नव्हता. शब्दागणिक पाठ करायचं, एवढाच मार्ग. तिसरीत तिनं निबंध लिहिला, 'आमची गाळ'. गाळ दूध देते, गाळ शेपटीनं माश्या हाकलते. गुरुजींनी तो वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला. पोरं किती हसली असतील! आईनं ही गोष्ट मला आजवर सांगितली नव्हती, आजीनं सांगितली. जी मुलगी गाईला 'गाळ' लिहिते तिला ळ येत नाही असं कुणीही म्हणेल. खरं तर ती ळ शिकण्यासाठी जिवाचं रान करत होती आणि एक पाऊल पुढे गेली होती.

त्यानंतर आईनं ळ कधी चुकवला नाही. आजही ती बँकेत, शेजाऱ्यांशी, माझ्याशी 'मला-तुला' बोलते. आजीचा फोन आला की दुसऱ्याच क्षणी 'मले-तुले'. पण त्या 'मले-तुले'मध्येही डोळे हे डोळेच राहतात, डोये होत नाहीत.

हे सगळं बोलणं झाल्यावर मी वही काढली. आजी म्हणाली, "काऊन वं, काय लिहून राहिली?" मी म्हटलं, तुझे शब्द. तर ती म्हणते, "माहे कायचे? माही सासू बोले तसं तं मलेबी येत नाई." म्हणजे बघ, मी आजीला या सगळ्याचा उगम धरून बसले होते आणि तिच्याही मागे कुणी होतंच. तिची सासू 'म्या' म्हणायची, 'म्या केलं, म्या देल्लं.' आजी 'मी' म्हणते. केव्हा बदललं ते तिला सांगता येत नाही. ती नवी सून होती, तिच्या माहेरी 'मी'च म्हणत, एवढंच तिला आठवतं.

मग मला एक जुनी युक्ती सुचली. ग्रियर्सननं भारतातल्या भाषांची पाहणी केली तेव्हा उधळ्या मुलाची एकच गोष्ट प्रत्येक बोलीत सांगून घेतली होती. मराठीचा खंड १९०५ सालचा आहे, त्यात वऱ्हाडीही आहे. मजकूर एकच असला की फरक कुठं आहे ते लगेच दिसतं. मी गोष्टीऐवजी एकच वाक्य घेतलं. पणजीचं आजीकडून वदवून घेतलं, आजीचं तिचं तिनं म्हटलं, आईला फोनवर 'आजीशी बोलतेस तसं म्हण' असं सांगितलं, आणि शेवटचं माझं. वहीत ते असं उतरलं:

पणजी: म्या तुले सांगतलं व्हतं, पोट्टी शायेतून आली का मामा येईन.
आजी: मी तुले सांगतलं होतं, पोट्टी शायेतून आली का मामा येईन.
आई: मी तुले सांगितलं होतं, पोरगी शाळेतून आली का मामा येईन.
मी: मी तुला सांगितलं होतं, मुलगी शाळेतून आली की मामा येईन.

माझी ओळ लिहून झाली तरी मला काही दिसलं नाही. आजीला अक्षर वाचता येत नाही, म्हणून मी चारही ओळी तिला वाचून दाखवल्या. तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "पाय, सारं बदललं. म्या गेलं, सांगतलं गेलं, शाया गेली, मले-तुले गेलं. पोट्टी तं तू पार मुलगी केली. पन मामा चारीकडे 'येईन'च हाये."

रेणू, माझ्या अंगावर काटा आला. तू ज्या शब्दावर मला अडवलं होतंस तोच हा शब्द. तिथं तुझ्या तोंडी 'येईल' आलं असतं. तुमच्याकडे मी येईन, तो येईल. आमच्याकडे मी येईन आणि तोही येईन. बाकी सगळं घासून निघालं, मग हेच कसं राहिलं? मी रात्रभर त्याचा विचार करत होते. 'शाया' कागदावर लिहिलं की चूक म्हणून डोळ्यात भरतं, गुरुजी त्याभोवती लाल गोल काढतात. 'येईन' तर पुस्तकातही असतं, फक्त ते 'मी'च्या पुढे असतं. शब्द एकटा पाहिला तर त्यात खोट दिसत नाही. आणि आजीला मी जेव्हा विचारलं की आईचे गुरुजी स्वतः कसं बोलायचे, तेव्हा तिनं क्षणात सांगितलं, "तेबी म्हनत ना, उद्या सायेब येईन!" ते इकडचेच होते. आईचा ळ त्यांनी घडवला, पण हा न त्यांच्या स्वतःच्या कानालाही खटकला नाही. तो खटकायला तुझा कान लागला, कारण तू साताऱ्याची.

'काय करून राहिली' हेही तसंच राहिलंय, हे मला कालपासून जाणवतंय. आईच्या तोंडून ते पंधरा वेळा ऐकलं असेल, माझ्या तोंडून किती वेळा गेलं ते तूच सांग.

काही शब्द मात्र असे गेले की त्यात ना गुरुजी होते ना हसणारी पोरं. आजी तरुणपणी पेरणीत सरत्यावर असायची. सरता म्हणजे तिफणीच्या मागे दोरीनं बांधलेली, वर तोंड रुंद असलेली बांबूची नळी. कपाशीत मधे तूर पेरायची असली की बाई ती नळी धरून मागे चालते आणि मुठीतलं बी बोटांनी थोडं थोडं सोडते. आजीनं मला मूठ करून दाखवलं. अंगठा तर्जनीवर असा घासायचा की एका वेळी दोनच दाणे सुटतील. "लय सोडलं तं दाट होते, कमी सोडलं तं खाडे पडते." आता शेतात ट्रॅक्टर येतो. सरता या शब्दाला कुणी नावं ठेवली नाहीत, तरी आईला तो फक्त ऐकून माहीत आहे आणि मला परवापर्यंत माहीतच नव्हता. तो परत आणायचा तर शेतात सरताच परत यायला हवा. शाया-डोये यांचं तसं नाही. शाळा आहे, डोळे आहेत, आणि ते म्हणणारी माणसंही अजून आहेत.

काल आजीनं स्वतःहून ळ म्हणून बघितला. मी सांगितलं तसं जिभेचं टोक वर नेलं. "शा… ला. शा… ड्या." तीन-चारदा करून थांबली आणि म्हणाली, "जाऊ दे माय, जीभ नाई वयत." त्या 'वयत'मध्येही ळ नव्हता. मला तिला थांबवून सांगावंसं वाटलं की तू म्हणतेस तेच राहू दे. पण त्याआधीच तिनं मला उलट शिकवायला घेतलं. मी 'शाया' म्हटलं की ती मान हलवायची. माझ्या य वर फार जोर येतो म्हणे. "तू तं वाचून राहिली, बोलून नाई राहिली." आज सकाळी चौथ्या-पाचव्या वेळी 'डोये' तिला पसंत पडलं.

मी तिचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करतेय. रोज अर्धा तास, शेंगा फोडता फोडता. समोर बसवून विचारलं की ती सुनेसमोर बोलते तसं जपून बोलते. शेंगांचा आवाज मधे येतो, तो येऊ देते. तुझ्या आजीचं 'न्हाय गं बाय' मला आठवतं, दिवाळीत तुमच्याकडे आले होते तेव्हाचं. तूही एक वाक्य निवड आणि तुमच्या घरातल्या तिघींकडून म्हणवून घे. माझ्या वाक्याशी ते ताडून पाहू.

तुला सोले आवडतात, म्हणून आजीनं किलोभर बाजूला काढून ठेवलेत. वांग्यात घाल, तिखट जरा जास्त टाक. टपालानं पाठवले तर वाटेत काळे पडतील. मामा शनिवारी कामासाठी पुण्याला येतोय, सकाळच्या गाडीनं उतरला की आधी तुझ्याकडेच येईन.

तुझी,
वैदेही