तक्रार: साठ रुपयाच्या पाकिटावर पाच रुपये कापता अन वर विचारता, पाच रुपयासाठी काहून भांडता

माझ्या वेबसाइटचे ऑनलाइन पेमेंट सांभाळणाऱ्या कंपनीच्या मॅनेजमेंटला,

कालचा कॉल ४२ मिनिटं चालला, त्यातली पंचवीस तर तुमची ट्यूनच ऐकत होते. कॉल झाल्याबरोबर हे लिहायला बसले. माझी तक्रारीची चार तिकिटं तुमच्याकडं आहेत, चारही "resolved" म्हणून बंद केलेली. काय resolve झालं ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत असेल तर सांगा. तुमचा प्लॅन काय आहे हे तुम्हाला समजावत बसत नाही, तुम्हीच बनवलाय तो. २ टक्के, प्लस प्रत्येक ट्रान्झॅक्शनला ३ रुपये, अन त्या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी.

मी नागपूरच्या महाल भागात राहते, घरूनच सावजी मसाला, कांदा-लसूण मसाला अन गोडा मसाला विकते. माझी स्वतःची छोटीशी वेबसाइट आहे, फक्त नागपुरातच घरपोच देते. सगळ्यात जास्त खपतं ते सावजीचं ५० ग्रॅमचं पाकीट, ६० रुपयांचं. आता या ६० चा हिशोब बघा, कारण तुमच्या पोरांना तो चार वेळा सांगूनही कळला नाही. मिरची, धणे, खोबरं, खसखस, दगडफूल, इतवारीतून आणून भाजून दळून एका पाकिटाला ३३ पडतात. पाऊच, लेबल, सील ४. घरपोच देणाऱ्या पोराला १२. झाले ४९. उरले ११, यातच माझी मेहनत, माझा गॅस अन माझे शिंकून शिंकून लाल झालेले डोळे आले.

आता तुमचं. ६० चे २ टक्के म्हणजे १ रुपया २० पैसे, त्याचं मला काही दुःख नाही. त्यावर ३ रुपये फिक्स, झाले ४.२०. त्यावर जीएसटी ७६ पैसे. एकूण ४ रुपये ९६ पैसे. म्हणजे माझ्या हाती ११ राहायचे तिथं ६ रुपये ४ पैसे राहतात. तुमच्या वेबसाइटवर मोठ्या अक्षरात "फक्त २%" लिहिलंय ना, माझ्या ६० च्या पाकिटाला तेच ८.२७ टक्के पडतात. अन नफ्याचे बघितले तर पंचेचाळीस टक्के. मसाला मी भाजायचा, पार्टनर तुम्ही.

याच ठिकाणी कोणी १२०० ची ऑर्डर दिली तर तुमची फी ३१.८६ होते, म्हणजे २.६६ टक्के. ती परवडते, त्याबद्दल मी कधी तोंड उघडलं नाही. ३ रुपये टक्क्यात मोजले तर १५० च्या ऑर्डरवर बरोबर तुमच्या २ टक्क्याएवढे होतात, त्याच्या खाली आलं की मुख्य फी ३ रुपयाचीच असते अन २ टक्के नुसते नावाला. एकूण फी ३ टक्क्यांच्या आत आणायची तर ऑर्डर ५५३ रुपयांची पाहिजे. ५५३ चा मसाला घ्यायला लोक काय लग्नाचं जेवण करतात का रोज?

कालच्या कॉलचं सांगते, कारण ते डोक्यातून जात नाहीये. मी शांतपणे (खरंच शांतपणे, बाजूला माझी सासू बसली होती) त्या मुलाला सांगत होते की बाबा, छोट्या ऑर्डरवर फिक्स फी कमी करता येईल का ते वरच्यांना विचार. तो आधी म्हणाला, "मॅम, आमचे रेट इंडस्ट्री स्टँडर्ड आहेत." मी म्हटलं, हो असतील, पण स्टँडर्ड मोठ्या दुकानासाठी बनवलंय ना. तर म्हणाला, "मॅम, मग तुम्ही ॲव्हरेज ऑर्डर व्हॅल्यू वाढवा." मी विचारलं कशी? तर म्हणाला, "मिनिमम १५० ची ऑर्डर ठेवा." मी म्हटलं अरे भाऊ, नवीन माणूस आधी ६० चंच पाकीट घेतो, चव बघतो, मग महिन्यानी अर्धा किलो मागवतो, तुझ्या मिनिममनी तो पहिलाच दिवस बंद होईल. मग थोडा वेळ शांतता. मग त्यानं जे म्हटलं ते मी अक्षरशः लिहिते: "मॅम, पाच रुपयांसाठी तुम्ही चाळीस मिनिटं कॉलवर आहात?"

पाच रुपयांसाठी. बाप्पा. मी त्याला म्हटलं, "तुझ्यासाठी पाच असतील, मी ते ३१० वेळा दिलेत." तर म्हणे, "मॅम, मी फक्त प्रोसेस फॉलो करतो." मला त्या मुलाचा राग नाही, त्याला कोणी स्क्रिप्ट दिली त्याचा आहे, अन ती स्क्रिप्ट तुमच्या ऑफिसातूनच गेली असणार. कॉल ठेवताच एसएमएस आला, "तुमचा अनुभव १ ते ५ मध्ये रेट करा". हाही विनोद तुमच्याच ऑफिसातला असेल.

३१० कुठून आले ते सांगते. मागच्या महिन्यात माझ्या ३१० ऑर्डरी झाल्या, सगळ्या मिळून २६,३५० रुपये, म्हणजे सरासरी ८५. तुम्ही कापले १,७१९ रुपये अन वर काही पैसे. यातले नुसते २ टक्के अन त्याचा जीएसटी धरला तर ६२२ च्या आसपास होतात. उरलेले १,०९७ फक्त ३ रुपयाचे अन त्याच्या जीएसटीचे आहेत. म्हणजे तुम्ही मला जो रेट दाखवून विकलात, त्याच्यापेक्षा पावणेदोनपट पैसा तुम्ही त्या बारीक अक्षरातल्या ३ रुपयांतून काढता. हा जीएसटीही माझ्या खिशातूनच जातो. मी जीएसटीत रजिस्टर्ड नाही, त्यामुळे मला क्रेडिट मिळत नाही, मोठ्या दुकानदाराला मिळतं. तुमच्या पोरानं "ते तर इनपुट क्रेडिट मिळतं मॅम" असं सांगितलं होतं, तिसऱ्या तिकिटात आहे, वाचून बघा.

अन ऑर्डर तुटली की डबल. त्रिमूर्ती नगरच्या एका ताईनं सकाळी सावजीचं पाकीट मागवलं, दुपारी आठवलं की कांदा-लसूणही पाहिजे होतं, परत ६० ची ऑर्डर. दोन्ही एकाच पिशवीत गेल्या, पोराला एकाच फेरीचे पैसे दिले. पण तुम्ही ९.९२ कापले, एकदाच १२० ची आली असती तर ६.३७ लागले असते. साडेतीन रुपये त्या ताईच्या विसरभोळेपणाचे.

रिफंडचं तर विचारूच नका. पॅकिंगच्या आधीच एकानं ऑर्डर रद्द केली, मी ६० रुपये परत केले. तुमच्याकडून मला आले होते ५५.०४. ग्राहकाला पूर्ण ६० गेले, अन ४.९६ तुमच्याकडंच राहिले. काम शून्य, मसाला शून्य, फी पूर्ण. "पेमेंट प्रोसेस झालं होतं मॅम." बरं, झालं होतं. मग परतही झालं, तेव्हा माझे पैसे मात्र काहून परत होत नाहीत?

आता मला कोणी म्हणेल की ग्राहकावरच टाक ना चार्ज. टाकून बघितला, दोन आठवडे. तुमच्याच डॅशबोर्डमध्ये सोय आहे. ग्राहकाला शेवटच्या पानावर ६० च्या जागी ६४.९६ दिसलं की तो तिथूनच पळतो, कारण पाकिटावर ६० छापलंय अन चौकातल्या दुकानात ६० चंच मिळतं. दोन आठवड्यात कार्ट सोडून गेलेले लोक इतके वाढले की मी गुपचूप बंद केलं.

दुसरं, युपीआय. माझ्या ३१० पैकी बहुतेक पेमेंट युपीआयनीच आले, कार्डाचे फक्त २२. बँक खात्यातून होणाऱ्या युपीआय पेमेंटवर अन रुपे डेबिट कार्डवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे, म्हणजे त्यासाठी बँक दुकानदाराकडून काही घेत नाही. मग २ टक्के कशाचे? तर उत्तर आलं, "ती एमडीआर नाही मॅम, प्लॅटफॉर्म फी आहे." मान्य, तुमचे सर्व्हर, तुमची सेटलमेंट, तुमची माणसं, फुकट तर काहीच नसतं. फी घ्या, मी फुकट मागत नाहीये. पण ८५ रुपयाच्या पेमेंटला तुम्हाला जो खर्च येतो तो ८,५०० वाल्यापेक्षा फार वेगळा नसेल, अन म्हणूनच ३ रुपये ठेवले असतील, इथपर्यंत समजतं. मग त्याच्यावर परत टक्केही काहून? एक तर टक्के घ्या, नाहीतर फिक्स घ्या. दोन्ही कशाला.

कार्डाच्या २२ ऑर्डरींचं वेगळंच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलच्या ५५व्या बैठकीत स्पष्ट केलं होतं की रिझर्व्ह बँकेच्या नियमाखालच्या पेमेंट ॲग्रिगेटरला, म्हणजे ग्राहकाचे पैसे स्वतःकडं घेऊन दुकानदाराला पोचवणाऱ्या कंपनीला, कार्डानं झालेल्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या सेटलमेंटवर जीएसटीची सूट आहे. नुसतं तांत्रिक काम करणाऱ्या गेटवेला नाही, पण पैसे तर तुमच्याच खात्यातून माझ्याकडं येतात. मग माझ्या बिलात त्या २२ वर जीएसटी कसा लावला ते लेखी सांगा. त्या मुलाला विचारलं तर म्हणाला "सिस्टम ऑटोमॅटिक लावते मॅम". सिस्टम कोण चालवतं ते विचारायचं राहून गेलं.

मी सोडून का जात नाही असंही तुम्ही विचाराल. एप्रिलमध्ये एक महिना साधा बँकेचा क्यूआर लावला होता, व्हॉट्सॲपवर ऑर्डर घ्यायची अन स्क्रीनशॉट मागवायचे. दोनच आठवड्यात एका पोरानं एडिट केलेला स्क्रीनशॉट पाठवून दोन पाकिटं नेली, नंतर मी रात्री अकराला बँकेचं स्टेटमेंट अन व्हॉट्सॲपची नावं जुळवत बसायची. म्हणून परत तुमच्याकडं आले. ही गोष्ट तुम्हाला सांगायला नको होती, माहीत आहे.

मला पाहिजे तीन गोष्टी. १५० च्या खालच्या ऑर्डरवरचे ३ रुपये काढा. पूर्ण रिफंडवर फी परत द्या. अन २२ कार्डांच्या जीएसटीचं उत्तर द्या. पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत आलं नाही तर मी दुसऱ्याकडं जाणार. अन माझ्यासारख्या घरून विकणाऱ्या ३८ बायांचा आमचा एक ग्रुप आहे, पापड-लोणचंवाल्या पासून पुरणपोळीवाल्या पर्यंत, तिथं ६० रुपयाचा हा हिशोब टाकणार, एक ओळही न बदलता. तुमच्या नावासकट.

उत्तर ईमेलवर द्या. फोन करायचाच असेल तर दुपारी १ ते ४ करू नका, तेव्हा मिरची भाजत असते.

महाल, नागपूर येथून, तुमची (अजून तरी) मर्चंट