रविवारची बैठक: नवरात्रातली झोप आणि मूड चार्ट

आपल्या बायपोलर आधारगटाच्या सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी सकाळी १० ते ११:३०, नेहमीच्या जागी. गेल्या 2 आठवड्यांचे चार्ट भरून आणा.

पहिला अर्धा तास चार्ट वाचू. मूड −3 ते +3, शेजारी झोपेचे तास आणि गोळी घेतली का, एवढंच पुरे. नंतर मुख्य विषय: बडोद्यात गरबा रात्री उशिरापर्यंत चालतो आणि बायपोलरमध्ये जागरणानं मेनिया सुरू होऊ शकतो.

समजा, रोज 7 तास झोप आणि मूड 0 आहे. गरब्यानंतर 2 रात्री 4 तासच झोप झाली, तरी थकवा नाही, मूड +2, बोलणं भरभर, मध्यरात्री ऑनलाइन खरेदी. एरवी जागरणानंतर माणूस पेंगतो. इथे उलट हुशारी वाटते, हीच खूण. बरं वाटत असल्यानं ती स्वतःला पटत नाही, म्हणून घरच्या एकाला नक्की सोबत आणा. अशा वेळी गरबा थांबवायचा, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. गोळ्या मनानं कमी-जास्त करू नका.

शेवटी प्रत्येकानं उठणं, जेवण, काम आणि झोपण्याची वेळ लिहायची. रात्री उशीर झाला तरी उठायची वेळ फार ढळू देऊ नका.