अर्ध्या चंद्राचं पाणी : एका मुद्रितशोधक काकांना जाहीर पत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र पोस्टानं पाठवलं असतं तर तुम्ही ते वाचून घडी घालून ठेवून दिलं असतं आणि कुणाला दाखवलंही नसतं. म्हणून उघडपणे लिहिते आहे. तुम्हाला संकोच वाटेल, त्याबद्दल आधीच माफ करा. माझी अनुवादित कादंबरी परवा छापून हातात आली आणि मुखपृष्ठावरचं नाव वाचताना पहिल्यांदा तुमचीच आठवण झाली.

तुमच्याकडे काम आलं होतं ते मुद्रितं तपासण्याचं. ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं, सुटलेली अवतरणचिन्हं लावायची. शीर्षकाशी तुमचा काही संबंध नव्हता आणि त्याचा वेगळा मोबदलाही नव्हता. ज्यांचा संबंध होता त्यांनी काय केलं, ते मला आधी सांगितलं पाहिजे.

मूळ इंग्रजी कादंबरीचं नाव ‘नीप टाइड’. अमावस्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन ओढतात, पाणी जोरात चढतं आणि तितकंच खाली जातं, ते उधाण. चंद्र अर्धा असतो तेव्हा दोघांची ओढ काटकोनात पडते, आणि त्या सुमाराला भरती आणि ओहोटी यांच्यातलं अंतर सगळ्यात कमी असतं. ती नीप टाइड. कादंबरी आहे समुद्रकाठी एका घरात राहणाऱ्या दोन बहिणींची. त्या कधी कडाकडा भांडत नाहीत आणि कधी मनापासून एकही होत नाहीत. वर्षानुवर्षं पाणी थोडं चढतं, थोडं उतरतं. नाव इतकं नेमकं आहे की अनुवाद सुरू करतानाच मला त्याची धास्ती होती.

ज्या प्रकाशन संस्थेकडे हे पुस्तक आधी जायचं होतं, तिथल्या संपादकांनी हस्तलिखित न उघडता नाव ठरवून टाकलं : ‘उधाण’. समुद्र आहे, बहिणी आहेत, शब्द छोटा आहे, मुखपृष्ठावर मोठ्या टाइपात बसतो. मी म्हटलं, हा तर बरोबर उलटा अर्थ झाला. त्यावर उत्तर आलं, शीर्षक हा विक्रीचा विषय आहे, अनुवादकाचा नाही. ते वाक्य मी विसरलेले नाही. दुसऱ्या एका जाणत्या गृहस्थांनी सुचवलं, ‘नीप टाइड’च ठेवा, हल्ली इंग्रजी नावं चालतात. तिसऱ्यांनी सांगितलं की भूगोलाच्या पुस्तकात ‘भांगाची भरती’ असा शब्द आहे, तो घ्या आणि मोकळ्या व्हा. पुस्तक यांच्यापैकी कुणीही वाचलेलं नव्हतं.

तुम्हाला फोनवर मी हे सगळं ऐकवलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, “शीर्षकाचं आत्ता काही बोलत नाही. आधी वाचतो.” आणि खरोखर वाचलंत. मुद्रितशोधक ओळ वाचतो, गोष्ट वाचत नाही, असं म्हणतात. तुम्ही दोन्ही वाचलंत.

मुद्रितं परत आली तेव्हा लाल शाईच्या खुणांमध्ये एके ठिकाणी समासात पेन्सिलीची लहानशी फुली होती. हलक्या हातानं केलेली, मला नको असेल तर खोडून टाकता यावी अशी. शेजारी एवढंच : “हे पाहा.” त्या ओळीत बहिणींची म्हातारी आई खिडकीतून बाहेर बघत शेजारणीला सांगते, “हे अर्ध्या चंद्राचं पाणी. फार चढायचं नाही, फार उतरायचंही नाही.” मूळ मजकुरात तिथे ‘नीप’ हाच शब्द आहे. म्हातारीच्या तोंडी कोशातला शब्द नको, म्हणून मी तो उलगडून लिहिला होता आणि पुढे गेले होते. शीर्षक माझ्याच अनुवादात पडून होतं आणि ते तुम्हाला दिसलं. तुम्ही ‘हे नाव द्या’ असं लिहिलं नाहीत. फक्त बोट दाखवलंत आणि निवड माझ्याकडे ठेवलीत. काका, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी मला या पुस्तकाची अनुवादक म्हणून वागवलं. त्या फुलीकडे बघून मी रडले, हे आज सांगते.

त्यानंतर आपण बोललो ते मला इथे नोंदवून ठेवायचं आहे, कारण अनुवाद करणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी त्याचा उपयोग होईल.

‘भांग’ हा शब्द चूक नाही, हे तुम्ही आधी मान्य केलंत. किनाऱ्यावरच्या वाचकाला तो लगेच कळेल. पण बाकीचा वाचक मुखपृष्ठावर ‘भांग’ वाचून केसांचा भांग तरी काढेल, नाहीतर प्यायची भांग तरी आठवेल. मी तेव्हा ‘फँड्री’चं उदाहरण दिलं. कैकाडी भाषेतला, डुक्कर या अर्थाचा तो शब्द बहुतेक मराठी प्रेक्षकांना माहीतच नव्हता, तरी 2013च्या त्या चित्रपटाचं नाव म्हणून तो पक्का बसला. मग ‘भांगाची भरती’ का बसू नये? तुम्ही म्हणालात, न कळणारा शब्द माणसाला थांबवतो, हे काय आहे असं विचारायला लावतो, आणि चित्रपट त्याचं उत्तर देतो. ‘भांग’ न कळणारा नाही. तो कळतो, पण भलताच कळतो, आणि आपल्याला कळलं असं वाटणारा माणूस पुढे विचारत नाही. हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता.

‘नीप टाइड’ जसंच्या तसं ठेवण्याबद्दल तुम्ही एकच प्रश्न विचारलात : हे नाव पुस्तकात कोण उच्चारतं? मूळ पुस्तकात म्हातारी उच्चारते. तिच्यासाठी तो रोजचा शब्द आहे. आपल्या अनुवादात ती पहिल्या पानापासून मराठी बोलते. मुखपृष्ठावर ‘नीप टाइड’ असेल आणि आत तो शब्द कुणाच्याच तोंडी नसेल, तर नाव पुस्तकाबाहेरच राहील. विशेषनाम असतं, किंवा ज्याला मराठीत जागाच नाही अशी वस्तू असती, तर लिप्यंतर योग्यच होतं. इथे पाण्याला मराठीत सांगता येत होतं.

मग मी जरा पुढे जाऊन ‘अष्टमीचं पाणी’ म्हणून पाहिलं. ऐकायला ते जास्त मराठी वाटत होतं, आणि अर्धा चंद्र म्हणजे अष्टमीच्या सुमाराचाच. तुम्ही नाही म्हणालात. त्या गावातली माणसं तिथी मोजत नाहीत, आणि मराठी वाचकाच्या मनात अष्टमी आली की मागोमाग देवी येते, नाहीतर गोकुळ येतं. दोन्हींचा या घराशी संबंध नाही. अर्धा चंद्र मात्र त्यांच्या खिडकीतून दिसतो तसाच आपल्याही दिसतो.

त्या दिवशी तुम्ही ‘चौघीजणी’ची आठवण काढलीत. ‘लिटल विमेन’चं शब्दशः ‘छोट्या बायका’ केलं असतं तर त्या मुलींच्या उंचीबद्दल काही म्हणायचं आहे असं वाटलं असतं. इंग्रजीत वडील त्या दोन शब्दांत मुलींचं कौतुक करतात. तो लाडाचा सूर शब्द बदलून मराठीत येत नाही. शांताबाई शेळक्यांनी तो ओढून आणला नाही. मुली चार आहेत आणि त्या एकमेकींच्या आहेत, एवढंच नावात ठेवलं. पु.लं.नी ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ला ‘एका कोळियाने’ म्हटलं, तेव्हा मराठी वाचकाच्या कानात आधीच असलेली कवितेची ओळ कामाला आली. तिच्यातला कोळी जाळं विणणारा, पुस्तकातला मासे धरून जगणारा, आणि हार न मानणं दोघांकडे आहे. पण असं नवं नाव द्यायला मूळ पुस्तक आणि आपली भाषा दोन्ही आतून माहीत हवीत, एरवी ‘उधाण’ होतं, असं तुम्ही म्हणालात. तेवढा एकच टोला तुम्ही त्या संपादकांना मारलात, तोही नाव न घेता.

‘चे’ की ‘चं’ यावरही आपण बोललो. मुखपृष्ठावर प्रमाण रूप हवं, ‘चंद्राचे पाणी’ करा, असा नव्या प्रकाशकांचा आग्रह होता. खरं तर तुमच्यासारख्या मुद्रितशोधकानं त्यांची बाजू घ्यायची. तुम्ही म्हणालात, निवेदनातून नाव घेतलं असतं तर ‘चे’ केलं असतं, पण हे म्हातारीचं बोलणं आहे आणि ती ‘चं’ म्हणते. अनुस्वार राहिला.

आणि मुखपृष्ठ! चित्रकारानं फार सुंदर चंद्रकोर काढली होती. आम्हा सगळ्यांना ती आवडली होती. तुम्ही पाहताक्षणी म्हणालात, कोर अमावस्येच्या आसपासची असते, म्हणजे उधाणाच्या जवळची. नाव एक सांगेल आणि चित्र दुसरं. आज मुखपृष्ठावर अर्धाच चंद्र आहे, सरळ कडेचा. मूळ हक्कदारांच्या प्रतिनिधींना नावाचं शब्दशः इंग्रजी पाठवलं तर ते बुचकळ्यात पडतील, म्हणून म्हातारीचा पूर्ण संवाद भाषांतर करून सोबत जोडा, हेही तुम्हीच सुचवलंत. त्यांची मान्यता आली. शीर्षकपानाच्या मागे मूळ नाव स्पष्ट छापायला लावलंत, म्हणजे ज्याला मूळ पुस्तक शोधायचं आहे त्याची अडचण होऊ नये.

ज्यांनी मला वाटेला लावलं, त्यांच्याकडे पद होतं, केबिन होती, निर्णयाचा अधिकार होता. तुमच्याकडे पेन्सिल होती आणि दुसऱ्याचं काम नीट वाचायची सवय होती. प्रकाशन व्यवसायात अशी माणसं अजून आहेत. ती दुसऱ्याच्या मजकुराला हात लावण्यापूर्वी परवानगी विचारतात, स्वतःचं नाव कुठे येईल याची चौकशी करत नाहीत. पुस्तकं चांगली निघतात ती बरीचशी त्यांच्यामुळे, हे मी यापुढे प्रत्येक ठिकाणी सांगणार आहे.

श्रेयपानावर तुमचं नाव ‘मुद्रितशोधन’ या शब्दासमोर आहे. ‘शीर्षकासाठी’ अशी वेगळी ओळ घालायला तुम्ही ठाम नकार दिलात, म्हणून ती इथे घालते : या पुस्तकाचं शीर्षक काकांनी शोधलं.

दोन प्रती पाठवल्या आहेत. पुढच्या अनुवादाचा कच्चा खर्डा तयार होत आला आहे. त्याचं मूळ नाव एका माणसाचं आडनाव आहे, त्यामुळे या वेळी लिप्यंतरच करावं लागेल असं मला वाटतं आहे. पण तुम्ही वाचेपर्यंत पहिल्या पानावर काहीच लिहीत नाही.

तुमची कृतज्ञ,
एक अनुवादक