चि. अक्षयच्या खोलीविषयी

नाशिक

प्रिय दत्ता,

स. न. वि. वि.

चि. अक्षयला गंगापूर रोडवरच्या कॉलेजात प्रवेश मिळाल्याचे वाचून फार आनंद झाला. वसतिगृहाचा अर्ज भरलेला असू दे. पण त्याची यादी लागेपर्यंत बहुधा तास सुरू झालेले असतात, म्हणून तिघांत मिळून खोली घेण्याचा तुझा विचार मला पटतो. मात्र भाड्याची घासाघीस करण्याआधी, तिघांपैकी एक जण मध्येच सोडून गेला तर काय करायचे, हे ठरवून घे. कोणाला उशिरा वसतिगृह मिळते, कोणाला खाणावळीचे जेवण मानवत नाही, आणि दिवाळीला घरी गेलेला मुलगा सामान न्यायलाच परत येतो.

समज, भाडे ९,००० रुपये आणि डिपॉझिट २७,००० रुपये आहे. म्हणजे प्रत्येकाचे भाडे ३,००० आणि डिपॉझिट ९,००० झाले. एक जण गेला की मालक भाडे पूर्णच मागतो, तेव्हा उरलेल्या दोघांवर प्रत्येकी ४,५००चा बोजा पडतो. आणि डिपॉझिट खोली रिकामी झाल्यावरच मिळेल असे मालक म्हणत असल्याने जाणारा आपले ९,००० या दोघांकडे मागू लागतो. मैत्री तुटते ती इथे. यावर तोड अशी की, जाणाऱ्याने महिनाभर आधी सांगावे, मालकाच्या संमतीने बदली मुलगा आणावा, आणि त्या नव्या मुलाने डिपॉझिटचे पैसे थेट जाणाऱ्याला द्यावेत, पण त्यातून त्याच्याकडे थकलेले लाइट बिल वजा करूनच. हे तिघांच्या पालकांच्या सह्यांनिशी साध्या कागदावर लिहून ठेव आणि मालकालाही दाखव.

भाडेकरारात तिघांचीही नावे हवीत. एकाच्याच नावाने करार झाला, तर मालक सगळी वसुली त्याच्याकडूनच करू पाहील. अक्षयला अठरा पूर्ण झाली नसतील तर त्याच्या सहीचा करार कायद्याने टिकत नाही, तेव्हा सही तुझी असावी. 'अकरा महिन्यांचाच तर आहे, नोंदणी कशाला?' असे तुला ऐकवले जाईल. ते मानू नकोस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. करार किती महिन्यांच्या आत सोडता येणार नाही, ते कलमही नीट वाच.

राहता राहिले विजेचे. मालकाच्या मीटरवर सबमीटर बसवलेला असेल तर युनिटचा दर आधीच विचार. घरगुती विजेचा दर वापर वाढेल तसा टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे मालकाचा आणि मुलांचा वापर एकाच बिलात आला की वरच्या टप्प्याचा दर मुलांच्याच माथी मारला जातो. किल्ली घेताना सबमीटरच्या आकड्याचा, तसेच भिंतीवरच्या ओलीचा आणि फुटक्या फरशीचा फोटो काढून त्याच वेळी मालकाला पाठव. डिपॉझिटमधून कापाकापी होते ती याच गोष्टींवरून.

येत्या रविवारी आलास तर आपण दोन-तीन खोल्या पाहून घेऊ. येताना तुझे आणि अक्षयचे आधार कार्ड आठवणीने आण. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विलास