ढिगावर टँकर ओतण्याआधी

प्रति,
मा. अध्यक्ष व सचिव,
सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित,
दिवा (पूर्व), ठाणे

विषय : मागच्या जुन्या कचऱ्याच्या ढिगातला धूर आणि टँकरसाठीची वर्गणी

सप्रेम नमस्कार,

ढिगावर पाणी मारायला टँकर मागवायचे, त्यासाठी प्रत्येक फ्लॅटमागे वर्गणी काढायची, अशी नोटीस लिफ्टजवळ लागली आहे. वर्गणीला आमचा विरोध नाही, पण वरून पाणी मारून ही आग विझणार नाही. का, ते जरा सविस्तर लिहितो, म्हणजे रविवारच्या सभेत वेळ वाचेल.

ढिगात दोन वेगवेगळ्या आगी असतात. रात्री गच्चीवरून दिसणारी निळसर-पिवळी ज्योत ही वायूची. ओला कचरा दाबला गेला, आतला ऑक्सिजन संपला की जिवाणू त्यापासून मिथेन तयार करतात. ढिगातून येणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्के असेल तरच तो पेट घेतो. ढिगाच्या पोटात हवाच नाही, म्हणून तो तिथे जळत नाही. भेगेतून बाहेर आला, हवेत मिसळला आणि ठिणगी मिळाली की जळतो. मिथेन आपोआप पेटतो हा गैरसमज आहे. त्याला विडी, तांब्यासाठी जाळलेली वायर किंवा ठेचलेली मोबाइलची बॅटरी लागते.

दुसरी आग घन कचऱ्याची, आणि आठवडेच्या आठवडे त्रास देते ती हीच. कापड, लाकूड, नारळाच्या करवंट्या, गाद्यांचा फोम हे सगळे ज्योतीशिवाय, शेगडीतल्या निखाऱ्यासारखे धुमसते. त्याला हवा अगदी थोडी पुरते. वरचा कचरा गोधडीचे काम करतो, आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि शेजारचा कचरा तापून सुकून पुढचे जळण होतो. आग मोठी होत नाही आणि विझतही नाही. हवा मिळेल त्या दिशेने ती हळूहळू सरकत राहते.

आपल्या ढिगाची उतरण नाल्याकडे आहे, आणि धूर मात्र वर माथ्यावर दिसतो. गरम वायू वर चढतो तेव्हा तो खालच्या भेगांमधून ताजी हवा ओढून घेतो, चुलीच्या धुराड्यासारखा. म्हणजे धूर जिथे दिसतो तिथे आगीचा बुडखा असेलच असे नाही. माथ्यावर पाणी मारणे म्हणजे धुराड्याच्या तोंडावर पाणी मारणे.

आता पाण्याचा हिशोब. समजा आत १० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ३ मीटर जाड भाग धुमसतो आहे. घनमीटरला ८०० किलो धरले तर तो २४० टन होतो. एक टन कचरा ३०० अंशांवरून ६० अंशांवर आणायला, पाण्याचा थेंबन् थेंब वाफ झाला असे गृहीत धरून, साधारण ११५ लिटर पाणी लागते. म्हणजे एकूण २७-२८ हजार लिटर, दहा हजारांचे तीन टँकर. हा आकडा पाहूनच कुणीतरी वर्गणी ठरवली असेल. पण तो कागदावरच खरा आहे. प्रत्यक्षात प्लास्टिकच्या पिशव्यांचे थर पाणी अडवतात, पाणी सोपी वाट शोधून एकाच भेगेतून खाली जाते आणि दोन हात बाजूचा कचरा कोरडाच राहतो. वरचा फूटभर थर गार होतो, धूर दोन दिवस कमी दिसतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. वर ते काळे पाणी नाल्यात उतरते ते वेगळेच.

विझवायची खरी पद्धत कष्टाची आहे. आधी उतरणीच्या पायथ्यापासून भेगा मातीने बुजवून हवा तोडायची. मग वारा पाठीमागून येईल अशा बाजूला राहून पोकलेनने धुमसणारा भाग थोडा-थोडा उघडायचा, काढलेला माल सपाट जागेवर फूट-दीड फुटाच्या थरात पसरायचा, त्याच थरावर पाणी मारायचे, उलथापालथ करून पुन्हा मारायचे. हात जवळ नेला तरी गरम लागत नाही इतका गार झाल्यावरच तो बाजूला न्यायचा. एका वेळी मोठा भाग उघडला तर आत एकदम हवा शिरते आणि भडका उडतो, म्हणून टँकर आधी उभा, खोदाई नंतर. पोकलेनही कडेवर चढवू नये. जळून राख झालेल्या जागी पोकळी असते आणि वरून ती कळत नाही.

माती टाकायची तर ती मातीच हवी. इकडे माती म्हणून इमारतींचा राडारोडा टाकण्याची सवय आहे. विटा-सिमेंटच्या तुकड्यांमधून हवा खेळते, आणि आग झाकली जाण्याऐवजी तिला वारा मिळतो. मुरूम किंवा चिकणमाती, निदान दीड-दोन फूट, दाबून. नंतर ढीग खचला की नव्या भेगा पडतात, म्हणून कित्येक आठवडे रोज फेरी हवी.

आत आग जिवंत आहे हे ओळखायच्या खुणा : पहाटे गार हवेत एखाद्याच जागेवरून वाफ निघणे, जमीन बशीसारखी खचणे, गवत एका वर्तुळात करपणे, डांबरासारखा चिकट ओघळ. खात्री करायची तर सळईचा तापमापक मीटरभर आत घालावा. कुजण्यानेच ढीग ५०-६० अंशांपर्यंत तापतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. ८० च्या वर सतत राहिला तर संशय घ्यावा. आतल्या वायूत कार्बन मोनॉक्साइड दहा लाख भागांत हजारच्या वर मिळाला तर आग आहेच असे धरून चालावे. ऑनलाइन मिळणारी बंदुकीसारखी तापमापके फक्त वरचा पृष्ठभाग मोजतात, ती घेऊ नयेत.

आता आपल्या आवारापुरते. मातीचा थर बसला की मिथेनला वर जायला वाट राहत नाही आणि तो आडवा सरकतो, गटाराच्या चेंबरमधून, केबलच्या पाइपमधून. १९८६ साली इंग्लंडमधल्या लॉस्को गावी शेजारच्या भरावातला वायू असाच एका घराखाली साचला आणि घर उडाले. त्या रात्री हवेचा दाब झपाट्याने उतरला होता, त्यामुळे वायू जमिनीतून जास्त ओढला गेला. आपल्याकडे ढिगाच्या बाजूला पंपरूम आणि दोन चेंबर आहेत. मिथेनला वास नसतो, त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही असे समजू नये. पंपरूमला खाली आणि छताजवळ अशा दोन जाळ्या बसवाव्यात आणि पंप सुरू करायचे बटण बाहेर घ्यावे. मुकादमाला आत शिरण्याआधी दार दहा मिनिटे उघडे ठेवायला सांगावे. वायू बाहेर काढणाऱ्या छिद्रांच्या पाइपची मागणी संबंधित विभागाकडे जरूर करावी, पण आग पूर्ण विझल्यावर. धुमसत्या ढिगात असा पाइप घातला तर तोच हवा आत ओढतो.

वर्गणी जमली असेल तर तिचा उपयोग या जाळ्यांसाठी, पंपाची वायर फिरवण्यासाठी आणि मिथेन मोजणाऱ्या एका मीटरसाठी करावा. पोकलेन आणि माती हे सोसायटीचे काम नाही. त्यासाठीच्या अर्जाचा मसुदा, पायथ्याच्या भेगांचे फोटो आणि जागेचा नकाशा आम्ही शनिवारपर्यंत ऑफिसात आणून देतो. तोवर मुलांना ढिगावरून नाल्याकडे जाणारी पायवाट बंद करावी, आजच.

आपले,
बी विंगमधील दोन सभासद